पसरट फोटोओळ एका अचूक ओळीत कशी आणावी

जुन्या मुंबईवरील लेखासाठी एक रंगीत पोस्टकार्ड छापायचे आहे आणि त्याखाली पुढील मजकूर आला आहे, असे धरू: ‘मुंबईची शान असलेली, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २००४ साली समाविष्ट झालेली व वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या कल्पनेतून साकारलेली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची (पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस) भव्य इमारत या दुर्मीळ छायाचित्रात दिसत असून समोर ट्राम दिसत आहे (१८८८).’

आधी ‘शान’, ‘भव्य’, ‘दुर्मीळ’ आणि ‘या छायाचित्रात दिसत असून’ हे सरळ खोडावे.

त्यानंतर चित्राच्या बाहेरची माहिती उचलून लेखात न्यावी. युनेस्को आणि स्टीव्हन्स दोन्ही खरे आहेत, पण हे चित्र पाहताना त्यांचा उपयोग नाही. लेख वास्तुरचनेवर असता, तर स्टीव्हन्स यांचे नाव ओळीत राहिले असते.

खरी अडचण सालाची आहे. मीही पूर्वी या टप्प्यावर बराच काळ अडून राहत असे, कारण कंसातले साल नेमके कशाचे, हे ओळ कधीच सांगत नाही. इथले १८८८ हे इमारत पूर्ण झाल्याचे साल आहे, परंतु चित्राखाली सुटे लिहिलेले साल वाचक चित्राचेच मानतो आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. म्हणून साल कशाला चिकटले आहे हे ठरेपर्यंत पुढे जाऊ नये, आणि ते ठरवायचे ते चित्र पाहूनच. जुन्या ओळीवरून किंवा त्याच चित्राच्या दुसऱ्या प्रतीखालच्या मजकुरावरून नव्हे, कारण तो मजकूरही बहुधा याच जुन्या ओळीवरून उतरवलेला असतो.

चित्र मोठे करून ट्राम पाहा. तिला घोडे जुंपलेले नाहीत आणि टपावरून एक तिरका दांडा वर गेलेला आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली व १९०५ साली बंद झाली. विजेची ट्राम मे १९०७ मध्ये धावू लागली. म्हणजे हे चित्र १९०७ च्या आधीचे असूच शकत नाही आणि १८८८ तिथेच बाद होते. ट्रामवरची तार दिसत नाही, एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. रंगीत पोस्टकार्डे पुष्कळदा कृष्णधवल छायाचित्रावर रंग चढवून केली जात आणि त्या कामात बारीक तारा सहज पुसल्या जात; आकाशाचा रंगही त्यामुळेच पुरावा ठरत नाही.

आता दुसरे टोक. चित्रात मोटारबस नाही आणि मुंबईत बस १९२६ साली सुरू झाली, म्हणून चित्र त्याआधीचे, असा तर्क फार लोक करतात. तो मला मुळीच मान्य नाही: चित्र टिपले त्या क्षणी बस समोरून गेली नसेल, एवढेच त्यातून कळते. वस्तू दिसली तर ती पुरावा असते. न दिसली तर बहुतेक वेळा ती काहीच सांगत नाही. त्यापेक्षा पोस्टकार्डाची मागची बाजू पाहावी. तिथे १९१४ चा टपालशिक्का स्पष्ट असेल, तर चित्र त्यानंतरचे नाही हे पक्के होते. शिक्का कार्ड टाकल्याचा असतो, छायाचित्र काढल्याचा नसतो, म्हणून ‘१९१४ मधील दृश्य’ असे लिहिणे ही तीच जुनी चूक नव्या सालाने करणे होय. शिक्का वाचता येत नसेल, तर ‘१९०७ नंतर’ एवढ्यावर थांबावे.

नाव चित्राच्या काळातले ठेवावे आणि आजचे कंसात द्यावे. नवे नाव आधी १९९६ मध्ये व मग ‘महाराज’ जोडून २०१७ मध्ये आले, हा तपशील ओळीत नको.

उरते ती ओळ अशी: ‘व्हिक्टोरिया टर्मिनससमोर (आजचे सीएसएमटी) विजेची ट्राम, मुंबई; १९०७ ते १९१४ दरम्यानचे पोस्टकार्ड-चित्र.’ ट्राम इथे पुढे आली आहे, कारण इमारत बहुतेक वाचक पाहताक्षणी ओळखतात. ट्राम विजेची आहे, हे मात्र त्यांच्या नजरेतून सुटते.

फोटोओळ अमुक शब्दांतच बसवा, हा सल्ला मी पाळत नाही. शब्द मोजू लागले की सर्वांत आधी ‘दरम्यानचे’ आणि ‘नंतरचे’ कापले जातात, आणि कंसात पुन्हा एक सुटे साल उरते. संग्रहाचे नाव व श्रेय वेगळ्या, लहान अक्षरांतील ओळीत द्यावे.