वीज आणि कागद किती वाचला, हे कर्मचाऱ्यांना सांगायचं कसं: टाउन हॉलच्या भाषणाची तयारी

मार्च संपला की बऱ्याच कंपन्यांमध्ये सगळ्यांना एकत्र बोलावून वर्षाचा आढावा घेतात. त्यातली पाच मिनिटं हल्ली वीज आणि कागदाच्या बचतीला मिळतात, आणि ती बहुधा प्रशासन विभागाच्या माणसाच्या वाट्याला येतात. समोर बसलेल्या अडीचशे-तीनशे जणांना एसी कधी बंद होतो, कोणत्या मजल्यावर कुणी बसत नाही, प्रिंटर कुठे अडकतो हे सगळं माहीत असतं. फुगवलेला आकडा इथे लगेच उघडा पडतो. म्हणून भाषण लिहिण्याआधी हिशेब करावा लागतो, आणि निम्म्याहून जास्त वेळ त्यातच जातो.

उदाहरणासाठी तीनशे कर्मचाऱ्यांचं, तीन मजल्यांचं एक कार्यालय डोळ्यांसमोर ठेवू. आकडे काल्पनिक आहेत, पण अडचणी नेहमीच्याच.

आधी युनिट मोजा, रुपये नंतर

वीजबिलाची रक्कम बचतीचा पुरावा ठरत नाही. दर वाढतात, आणि बिलातला मागणी आकार, म्हणजे एका वेळच्या कमाल भारावर लागणारी रक्कम, तुम्ही युनिट कमी वापरली म्हणून आपोआप उतरत नाही. वापर कमी होऊनही बिल वाढलेलं असू शकतं. लेखा विभागातलं कुणीतरी सभेत हे बोलून दाखवणारच, त्यामुळे पहिल्यापासून युनिटवरच राहा.

दोन्ही वर्षांची बारा-बारा बिलं काढा आणि पहिल्या बिलाचं सुरुवातीचं रीडिंग आणि शेवटच्या बिलाचं अखेरचं रीडिंग यांच्या तारखा तपासा. एका वर्षात 365 दिवस आणि दुसऱ्यात 372 दिवस धरले गेले, तर आठवडाभराचा वापर फुकटात 'वाचतो'. मध्येच मीटर बदलला असेल किंवा एखादं बिल सरासरीने आलं असेल, तर तेही इथेच कळतं. महाराष्ट्रातल्या उच्चदाब ग्राहकांना 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरचा परिणाम धरणाऱ्या मोजमापावर, आकारणी होते, त्यामुळे बिलावर केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच असे दोन्ही आकडे दिसतात. भाषणासाठी केडब्ल्यूएच, म्हणजे आपण ज्याला युनिट म्हणतो ते घ्या, आणि दोन्ही वर्षांना तेच घ्या. नाहीतर नुसता पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी लागणारा वाटा, सुधारला तरी वापर घटल्यासारखा दिसेल.

छतावर सौर पॅनेल असतील तर महावितरणच्या बिलातली घट म्हणजे वापरातली घट नव्हे. जनरेटरचंही तसंच. वीज जास्त वेळा गेली तर बिलातली युनिट कमी होतात आणि डिझेल वाढतं. एक लिटर डिझेलमागे साधारण तीन ते साडेतीन युनिट धरून तो वापर बेरजेत घ्या. आपल्या उदाहरणात सौर पॅनेल नाहीत, आणि डिझेल दोन्ही वर्षी जवळपास तेवढंच लागलं.

बेरीज अशी आली: गेल्या वर्षी 4,83,260 युनिट, यंदा 4,21,740. फरक 61,520, म्हणजे जवळजवळ 13 टक्के. इथेच खूश होऊन भाषण लिहायला बसणारे पुढे अडचणीत येतात.

काय वाचलं आणि काय फक्त दुसरीकडे गेलं

या कार्यालयाने वर्षाच्या सुरुवातीला आपले सर्व्हर बाहेरच्या डेटा सेंटरमध्ये हलवले होते. ते दीड किलोवॅटने रात्रंदिवस चालायचे. दीड गुणिले 24 गुणिले 365, म्हणजे 13,140 युनिट. ही वीज वाचलेली नाही, ती दुसऱ्याच्या बिलात गेली आहे. म्हणून गेल्या वर्षीच्या आकड्यातूनच ती वजा करा: 4,70,120. आता यंदाचे 4,21,740 त्याच्याशेजारी ठेवा. फरक 48,380 युनिटांचा, दहा टक्क्यांच्या किंचित वर.

तेराचे दहा होताना जिवावर येतं, पण आयटीच्या टेबलावरून 'सर्व्हर तर आपण हलवले ना?' असा प्रश्न आल्यावर सगळ्यांसमोर तेराचे दहा करण्यापेक्षा हे बरं. आठवड्यातून दोन दिवस घरून काम सुरू झालं असेल, एखादा मजला सोडला असेल किंवा माणसं कमी झाली असतील, तर तेही असंच सांगावं लागतं. घरून काम करणाऱ्याच्या पंख्याचं आणि एसीचं बिल तो स्वतः भरत असतो, आणि ते त्याच्या चांगलं लक्षात असतं.

उरलेले 48,380 कुठून आले? चारशे जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडी बसवल्या. जुनी नळी चोकसकट साधारण 45 वॅट खायची, नवी 20 खाते. एका नळीमागे 25 वॅट, चारशे नळ्यांचे दहा किलोवॅट. दिवसाचे दहा तास, वर्षाचे 250 दिवस धरले तर 25,000 युनिट. उरतात 23,000च्या आसपास. दुसरा मोठा बदल म्हणजे सेंट्रल एसी रात्री नऊऐवजी सात वाजता बंद होऊ लागला. दोन तास गुणिले 250 दिवस म्हणजे 500 तास. उरलेली युनिट त्यात बसायला एसीचा भार सरासरी 46 किलोवॅट हवा, आणि एवढ्या कार्यालयाला तो पटण्यासारखा आहे. एसीला वेगळा मीटर नसेल तर हा अंदाजच राहतो. भाषणात 'निम्मी बचत दिव्यांची, उरलेली बहुतेक एसीची' एवढंच म्हणा.

कागद: खरेदी म्हणजे वापर नव्हे

कागदाच्या बाबतीत खरेदीची बिलं चांगलीच फसवतात. मार्चमध्ये बजेट संपवायचं म्हणून कुणीतरी रिमांचा ढीग मागवून ठेवतं. आपल्या कार्यालयात गेल्या वर्षी 820 रिम आल्या, यंदा 380. कागद निम्म्याहून कमी झाला असं वाटेल. स्टोअरचं रजिस्टर उघडा. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा वर्षअखेरचा साठा, हा खरा वापर. गेल्या वर्षी 30 अधिक 820 वजा 150, म्हणजे 700. यंदा 150 अधिक 380 वजा 40, म्हणजे 490. घट तीस टक्के. तीही काही थोडी नाही.

प्रिंटरच्या काउंटरवर यासाठी विसंबू नका. तो सहसा छापलेल्या बाजू मोजतो. पाठपोट छपाई सुरू केली की कागद कमी लागतो आणि काउंटर मात्र तेवढाच चालतो.

एका रिममध्ये 500 कागद, म्हणून 210 रिम म्हणजे एक लाखाच्या वर कागद. ए-फोर आकाराची रिम अडीच किलोच्या आसपास भरते, म्हणजे अर्ध्या टनाइतकं वजन. इतकी झाडं वाचली, असं मात्र म्हणू नका. आपल्याकडे कागद लाकडापासून होतो, उसाच्या चिपाडापासून होतो आणि रद्दीपासूनही होतो. तुमच्या रिममध्ये काय होतं हे तुम्हाला माहीत नाही.

पूर्णांक करा, पण वजाबाकीनंतर

48,380 हा आकडा सभेत कुणाच्या लक्षात राहत नाही. शिवाय सर्व्हरचे 13,140 हे आपणच दीड किलोवॅट धरून काढले आहेत, त्यामुळे शेवटच्या ऐंशीला काही अर्थ नाही. पूर्णांक करायचाच, पण तो क्रमाने करा. आधी अचूक आकड्यांची वजाबाकी, मग पूर्णांक. 4,70,120 चे पाच लाख आणि 4,21,740 चे चार लाख करून वजाबाकी केलीत तर बचत एक लाख होते, खऱ्याच्या दुप्पट.

बोलायचे आकडे एकमेकांशी जुळतात का हेही पाहा. 'चार लाख सत्तर हजारांवरून चार लाख वीस हजारांवर' असं ऐकल्यावर माणूस मनात पन्नास हजार काढतो. म्हणून तुम्ही 'पन्नास हजारांना थोडी कमी' म्हणा, ते बरोबर बसतं. बचत पूर्णांक करताना खाली आणा, खर्च वर न्या. कुणी तपासलं तर खरं तुमच्या बाजूने निघावं.

टक्क्यांपेक्षा कानाला 'दहातलं एक' सोपं. मराठीत दीड, अडीच, सव्वा, पाऊण, निम्मं हे तयारच आहेत, ते सढळ वापरा आणि भाषणाच्या कागदावर आकडे अक्षरांत लिहा, म्हणजे ऐन वेळी शून्यं मोजत बसावं लागत नाही. तुलना एकच पुरे: महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या चाळीस घरांची वर्षाची वीज. घरच्या बिलातला पहिला टप्पा शंभर युनिटांचाच असतो, त्यामुळे ती लगेच कळते.

पडद्यावर स्तंभ दाखवणार असाल तर उभा अक्ष शून्यापासून सुरू करा. चार लाखांपासून सुरू केला तर दहा टक्क्यांची घट सत्तर टक्क्यांसारखी दिसते.

भाषण

एवढं झाल्यावर मजकूर लहानच होतो:

'नमस्कार मंडळी. पाच मिनिटांत वीज आणि कागदाचा हिशेब देतो. आपण सर्व्हर बाहेर हलवले, त्यांची वीज मी बचतीत धरलेली नाही. ते सोडून गेल्या वर्षी आपण चार लाख सत्तर हजार युनिट वापरली, यंदा चार लाख वीस हजार. पन्नास हजारांना थोडी कमी, म्हणजे दहातलं एक युनिट वाचलं. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या चाळीस घरांना वर्षभर पुरेल एवढी ही वीज आहे. यातली निम्मी दिव्यांमुळे, त्यात तुम्हा-आम्हाला काही करावं लागलं नाही. उरलेली बहुतेक एसी सातला बंद होतो त्यामुळे, आणि त्याचा त्रास तुम्ही सोसलात. कागदाच्या सातशे रिम लागायच्या, यंदा पाचशेच्या आत भागलं. ज्यांना अचूक आकडे हवेत त्यांच्यासाठी ते सूचना फलकावर लावले आहेत.'

प्रश्नांची तयारी

दोन प्रश्न हमखास येतात. 'बिल कमी झालं का?' याला दर आणि मागणी आकार सांगून सरळ उत्तर द्या, आणि रक्कम विचारलीच तर यंदाच्या बिलातला ऊर्जा आकाराचा दर वाचलेल्या युनिटांना लावून सांगा. 'आमची टीम नऊपर्यंत थांबते, आम्ही उकाड्यात बसायचं का?' हा दुसरा. याचं उत्तर मंचावर सुचत नाही. एसीच्या देखभालीवाल्याला आदल्या दिवशीच विचारून ठेवा की एकच मजला चालू ठेवता येतो का.

'पुढच्या वर्षी आणखी दहा टक्के' असं उत्साहात जाहीर करू नका. चारशे नळ्या एकदाच बदलता येतात. त्यांचे 25,000 युनिट पुढच्या वर्षी नव्याने मिळणार नाहीत, आणि एसी सातच्या आधी बंद करता येणार नाही. 4,21,740 हा नवा पाया धरून, दुसरं काय बदलता येईल हे कळल्यावरच उद्दिष्टाचा आकडा सांगा.