जपानमध्ये पार्किंगच्या मशीनपाशी अडकलो तेव्हा (माझा अनुभव)

कानाझावाला भाड्याची गाडी घेऊन फिरत होतो, छोट्या पार्किंगमध्ये लावली. तिथे गेट नसतं, गाडी लावल्यावर थोड्या वेळाने खालून लोखंडी पट्टी वर येते आणि पैसे भरेपर्यंत गाडी हलत नाही. परत आलो तर मशीनवर सगळं जपानी, बायको म्हणाली अरे आधी जमिनीवरचा आकडा बघ. ७ होता.

७ दाबला, काहीच नाही. मग शेजारी एक काका पैसे भरत होते त्यांचं नीट बघितलं, नंबर दाबल्यावर ते 精算 लिहिलेलं बटण दाबत होते, म्हणजे हिशोब करा. तसं केलं आणि लगेच ६०० येन दिसले. नंबर मात्र दोनदा तपासा, चुकला तर दुसऱ्याच्याच गाडीचे पैसे भरले जातात!

पुढची अडचण, दहा हजारची नोट मशीन परत परत बाहेर टाकत होतं. अशी बरीच मशीन फक्त नाणी आणि हजारची नोट घेतात. समोरच्या दुकानातून पाण्याची बाटली घेतली, सुट्टे मिळाले, परत येऊन ७, 精算, हजारची नोट, ४०० परत. पावती हवी असेल तर 領収書 चं बटण.

आता गाडीत बसायच्या आधी वाकून पट्टी पूर्ण खाली गेलीय का ते बघा, आणि मग रेंगाळू नका, काही मिनिटांत ती पुन्हा वर येते. आम्ही सामान आधीच डिकीत टाकलं होतं म्हणून लगेच निघालो.