हंगामी मेनूची पोस्ट लिहिताना या चुका टाळा

मेनू बदलल्याची पोस्ट बहुतेक वेळा रात्री, दुकान आवरल्यावर, दमलेल्या माणसाने लिहिलेली असते. मग हाताशी येतील ते शब्द पडतात: ‘खास हिवाळ्यासाठी भोपळ्याचं अप्रतिम सूप! एकदा प्याल तर प्रेमातच पडाल!’

यात भोपळ्याच्या जागी टोमॅटो लिहून बघा. वाक्याला काही फरक पडत नाही, आणि हेच त्याचं दुखणं. सूप दाट आहे की पातळ, गोडसर की तिखट, त्यात क्रीम आहे का, हे वाचणाऱ्याला कळत नाही. पोस्टनंतर फोनवर लोक काय विचारतात ते पाहा. दोन-तीन जणांनी एकच गोष्ट विचारली, तर ती लिहायची राहिली आहे.

उपाय स्वयंपाकघरातच सापडतो. सूप कसं होतं हे करणाऱ्यालाच विचारा. समजा तो म्हणाला, ‘फोडी उकडत नाही, भाजतो. उकडल्या की पाणचट लागतात. भाजल्या की पाणी उडतं, गोडी वाढते. मग फार गोड होऊ नये म्हणून आलं.’ झालं, वर्णन मिळालं:

‘भोपळ्याचं सूप. फोडी कडा तांबूस होईपर्यंत भाजून, कांदा-लसणासोबत वाटलेलं. दाट, गोडसर, शेवटी आल्याचा हलका झणका. वरून भाजलेल्या बिया. यात क्रीम आहे.’

शेवटचं वाक्य रुक्ष वाटलं तरी काढू नका. आणि क्रीम मोठ्या पातेल्यातच पडत असेल, तर ‘नको असल्यास सांगा’ असं मुळीच लिहू नका. सांगणारा येईल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

‘अप्रतिम’ला फार तर कुणी हसेल. ‘ताजे’ मात्र दावा आहे. मटार फ्रोजन असतील तर नुसतं ‘मटार’ लिहा. पाव बाहेरून येत असेल तर ‘सगळं आमच्याच हातचं’ हे खोटं ठरतं, बाकी कितीही खरं असलं तरी. ‘मोजक्याच वाट्या’ हेही तसंच: पातेलं खरंच दुपारी रिकामं होत असेल तरच. फोटोतल्या वाटीत बिया मूठभर आणि टेबलावर चार, हीसुद्धा थापच.

नव्याच्या कौतुकात काय बंद झालं ते सांगायचंच राहतं. नेहमीचं गिऱ्हाईक जुन्या पदार्थासाठी येतं, मेनू चाळतं आणि खट्टू होऊन बसतं. म्हणून ‘थंड काकडी सूप आता पुढच्या उन्हाळ्यात’ ही ओळ मी तरी सगळ्यात वर लिहीन. नवा पदार्थ किती दिवस राहील याची खात्री नसेल, तर तारीख न देता ‘चांगला भोपळा मिळेल तोवर’ एवढंच पुरे. मध्येच कृती बदलली, बियांऐवजी शेंगदाणे आले, तर जुनी पोस्ट त्याच दिवशी दुरुस्त करा. शेंगदाणे न चालणारा माणूस तीच वाचून येणार आहे.