क्लिनिकल पोस्टिंगची जागा बदलून हवी असेल तर पत्र कसे लिहावे

गोव्यातल्या नर्सिंग कॉलेजात कुणी कोणत्या रुग्णालयात काम शिकायचे याची, म्हणजे रोटेशनची यादी नोटीस बोर्डावर लागते, नावापुढे मडगाव दिसते आणि घर असते दूर सत्तरीत. त्याच संध्याकाळी दोन पानी पत्र लिहिले जाते. त्यात घरची परिस्थिती, आईची धावपळ, पहाटे उठणे हे सगळे खरे खरे लिहिलेले असते, आणि तरीही उत्तर येते, "बघू." अशी पत्रे वाचणाऱ्या को-ऑर्डिनेटर मॅडमना तुमची अडचण कळत नाही असे नाही. पण एका मुलीला हलवायचे तर मडगावची एक जागा रिकामी होते आणि दुसरीकडे एक जास्त होते. वॉर्डात एका शिक्षिकेकडे किती विद्यार्थी द्यायचे हे ठरलेले असते, त्यामुळे एका नावासाठी सगळा तक्ता हलतो. ज्या पत्रात अडचणीबरोबर तक्ता न बिघडवणारी वाटही दिलेली असते, ते पत्र पुढे सरकते.

हे एका उदाहरणाने पाहू. विद्यार्थिनी बी.एस्सी. नर्सिंगच्या आठव्या सत्रात आहे. २०२१ पासूनच्या सत्र पद्धतीत या शेवटच्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप असते. आठवड्याला ४८ तास ड्युटी, आणि त्यातले ६ आठवडे प्रौढ रुग्णांच्या शुश्रूषेला. कॉलेज पणजीजवळ, घर सत्तरीतल्या केरीला. हे ६ आठवडे तिला मडगावच्या जिल्हा रुग्णालयात लागले आहेत. वडिलांचे आठवड्यातून तीनदा म्हापशात डायलिसिस होते, आई अंगणवाडीत कामाला जाते आणि धाकटा भाऊ नववीत आहे.

आधी कागद-पेन घेऊन हिशेब मांडा

"प्रवास खूप लांब पडतो" हे वाक्य पत्रात टाकू नका. गोव्यात कुठूनही कुठे जायचे म्हटले तर ऐकणाऱ्याला ते फार लांब वाटत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर स्वतःची स्कूटर असते, तुमच्या तीन बसगाड्या नसतात. केरीहून साखळी, साखळीहून फोंडा, फोंड्याहून मडगाव असा मार्ग लिहा. प्रत्येक ठिकाणी थांबण्याचा वेळ धरून घर ते वॉर्ड किती लागतो तेही लिहा. हा वेळ मनाने ठरवू नका. एक दिवस जाऊन या आणि घड्याळ बघा.

खरी अडचण बहुतेक वेळा सकाळी नसते, ती दुपारच्या ड्युटीनंतर सुरू होते. ड्युटी रात्री साडेआठला सुटली, हँडओव्हर देऊन बाहेर पडायला पावणेनऊ झाले, तर फोंड्यापर्यंत पोचता येईल. पुढे साखळीची आणि त्यापुढे केरीची शेवटची बस किती वाजता सुटते? हे कदंबच्या स्थानकावर आणि खासगी बसच्या कंडक्टरला विचारून लिहून घ्या. "मडगावची दुपारची ड्युटी संपल्यावर घरी पोचायला बसच नाही" हे एक वाक्य कंटाळा आणि थकवा सांगणाऱ्या दहा ओळींहून जड आहे, कारण ते कुणालाही तपासता येते. कॉलेजची बस मडगावला जात असेल तर तेही लिहा आणि तिचा उपयोग का होत नाही ते सांगा. ही गोष्ट झाकली तर पहिला प्रश्न त्यावरच येईल.

मग मागायची जागा निवडा

मनाला येईल ते जवळचे हॉस्पिटल मागता येत नाही. कॉलेजची ज्या रुग्णालयांशी आणि आरोग्य केंद्रांशी व्यवस्था झालेली आहे, त्यातलेच मागायचे. त्यातही त्या विषयाचे काम तिथे शिकायला मिळाले पाहिजे. केरीच्या मुलीला साखळीचे सरकारी दवाखाने जवळ पडतील, पण शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण सांभाळण्याचे तास तिथे भरतील का हा प्रश्न उरतोच. समुदाय आरोग्याची पोस्टिंग असती तर गोष्ट वेगळी होती. तिथे गावाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र मागणे अगदी रास्त ठरते. मानसोपचाराच्या पोस्टिंगसाठी मात्र पत्र लिहिण्याचा फारसा उपयोग नाही. सरकारी मानसोपचार रुग्णालय गोव्यात एकच, ते बांबोळीला.

या मुलीने म्हापशाचे जिल्हा रुग्णालय मागायचे. वॉर्ड मडगावसारखेच आहेत, केरीहून साखळी आणि तिथून डिचोलीमार्गे म्हापसा असा दोन बसचा रस्ता आहे, आणि वडिलांचे डायलिसिसही त्याच गावात होते. जागा निवडण्याचे कारण इतके उघड असले की पत्र निम्मे लिहून झालेच.

आता राहिला रिकाम्या जागेचा प्रश्न. यादी पुन्हा वाचा. म्हापशाला नाव लागलेली कुणी मडगाव, नावेली किंवा कुडतरीकडची आहे का? तिच्याशी बोला, तिला खरोखर सोयीचे आहे का ते विचारा, आणि अदलाबदलीला तयार असेल तर तिच्याकडून दोन ओळींचे सहीचे संमतिपत्र घ्या. अशी जोडी मिळाली तर संख्या आहे तशीच राहते आणि मॅडमना फक्त दोन नावे इकडची तिकडे करावी लागतात. मिळाली नाही तरी पत्र द्या, पण ते जास्त वेळ घेईल हे धरून चला. मैत्रिणीला न विचारता तिचे नाव पत्रात घालणे हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा घोळ. त्यात पत्रही जाते आणि मैत्रीणही.

कधी आणि कुणाला द्यायचे

यादी लागल्यावर दोन-तीन दिवसांत द्या. कॉलेज विद्यार्थ्यांची नावे रुग्णालयाला कळवते. त्याआधी बदल करायचा तर तो कॉलेजच्या एका टेबलावर होतो. नावे गेल्यावर तोच बदल दोन कार्यालयांचा पत्रव्यवहार होऊन बसतो. पत्र प्राचार्यांच्या नावे लिहायचे, पण क्लिनिकल को-ऑर्डिनेटरांच्या मार्फत. थेट रुग्णालयाच्या मेट्रनना भेटून शब्द टाकण्याचा मोह टाळा. ओळखीने काम होईलही, पण कॉलेजला डावलल्याचा राग पुढची सगळी इंटर्नशिप पुरतो.

नर्सिंग कॉलेजचा पत्रव्यवहार बहुधा इंग्रजीत चालतो. तरी मसुदा आधी मराठीत करा. आपल्या भाषेत मुद्दा नीट बसला की मग पुढचे काम सोपे होते. मसुदा साधारण असा:

> प्रति,
> मा. प्राचार्य,
> (कॉलेजचे नाव व पत्ता)
>
> मार्फत: क्लिनिकल को-ऑर्डिनेटर
>
> विषय: इंटर्नशिपमधील प्रौढ शुश्रूषेच्या ६ आठवड्यांसाठी मडगावऐवजी म्हापसा जिल्हा रुग्णालय मिळण्याबाबत.
>
> महोदया,
>
> मी आठव्या सत्राची विद्यार्थिनी (नाव, हजेरी क्रमांक). वरील पोस्टिंगसाठी मला (तारीख) ते (तारीख) या काळात मडगाव येथील जिल्हा रुग्णालय देण्यात आले आहे.
>
> मी केरी, सत्तरी येथून ये-जा करते. मडगावला जाण्यासाठी तीन बस बदलाव्या लागतात. दुपारची ड्युटी संपल्यावर फोंड्याहून पुढे केरीपर्यंत जाणारी बस मिळत नाही. कॉलेजची बस पणजीहून सकाळी सुटते, त्या वेळेपर्यंत मला पणजीला पोचता येत नाही.
>
> माझ्या वडिलांचे आठवड्यातून तीन दिवस म्हापसा येथे डायलिसिस होते. आई अंगणवाडीत कामाला असून भाऊ नववीत शिकतो. डायलिसिसनंतर वडिलांना एकट्याने प्रवास करता येत नाही व त्यांना घरी आणण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. त्यामुळे वसतिगृहात राहणे मला शक्य नाही.
>
> म्हापसा येथे नेमलेली माझी वर्गमैत्रीण (नाव, हजेरी क्रमांक) अदलाबदलीस तयार आहे. तिचे संमतिपत्र जोडले आहे. या बदलामुळे दोन्ही ठिकाणची विद्यार्थिसंख्या व माझे तास तेवढेच राहतील. बाकीच्या पोस्टिंगमध्ये कोणताही बदल मी मागत नाही.
>
> कृपया विनंतीचा विचार व्हावा. लेखी आदेश मिळेपर्यंत मी नेमलेल्या ठिकाणी हजर राहीन.
>
> आपली विश्वासू,
> (सही, तारीख)
> पालकांची सही
>
> सोबत: १. डायलिसिस कार्डाची प्रत २. बसमार्ग व वेळा ३. वर्गमैत्रिणीचे संमतिपत्र

या पत्रात "वसतिगृहात राहणे शक्य नाही" हे वाक्य मुद्दाम घातले आहे. लांबचे घर म्हटले की पहिला प्रश्न "होस्टेल का घेत नाहीस?" हाच असतो आणि दुसरा "घरी आणखी कुणी नाही का?" दोन्हींची उत्तरे आधीच दिलेली असली की पत्र शेरा मारून परत येत नाही. मागणीही एकच ठेवली आहे. डायलिसिसच्या दिवशी सकाळची ड्युटी मिळाली तर बरे होईल, हे खरे असले तरी ते इथे लिहायचे नाही. जागा बदलली की ते वॉर्ड इनचार्ज सिस्टरांशी बोलून घ्यावे. जागा, वेळ आणि सुट्ट्या असे सगळे एकाच पत्रात मागितले की वाचणाऱ्याला सोय दिसते, अडचण दिसत नाही.

वडिलांची सगळी फाइल जोडू नका, एक कार्ड किंवा डॉक्टरांचा एक दाखला पुरे. ते कागद कॉलेजात बऱ्याच हातांतून जातात.

पत्र दिल्यानंतर

दोन प्रती न्या, एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्या. चार-पाच दिवस थांबून को-ऑर्डिनेटर मॅडमना भेटा. आणि मडगावची पोस्टिंग सुरू झाली तर मडगावला जा. "होऊन जाईल" असे तोंडी ऐकून किंवा व्हॉट्सॲपवर अंगठा पाहून म्हापशाला हजर झालात तर तिथल्या यादीत तुमचे नाव नसते आणि मडगावला गैरहजेरी लागते. क्लिनिकलची हजेरी पदवीआधी शंभर टक्के भरावी लागते. थिअरीच्या ऐंशी टक्क्यांसारखी इथे सूट नाही. बुडालेला प्रत्येक दिवस मागाहून भरून द्यावा लागतो, आणि तो बहुधा सगळे मोकळे झाल्यावर.

नकार आला तर कारण विचारा. "म्हापशाला जागा भरली" असे असेल तर दुसरी जोडी शोधता येते. "तक्ता गेला आहे" असे असेल तर जागेचा हट्ट सोडा आणि मडगावलाच पहिल्या तीन आठवड्यांपुरती दुपारची ड्युटी टाळून सकाळच्या आणि रात्रीच्या ड्युट्या मागा. रात्रपाळीला जाताना-येताना बस असते, हे बऱ्याच जणींच्या ध्यानातच येत नाही. हे पत्र नव्याने, चार ओळींत लिहावे आणि आधीच्या पत्राचा आवक क्रमांक त्यात द्यावा.

आदेश मिळाला की त्याची एक प्रत म्हापशाच्या वॉर्ड इनचार्जना पहिल्याच दिवशी द्या. मडगावला काही दिवस काढले असतील तर निघण्याआधी तेवढ्या तासांवर लॉगबुकात तिथल्या सिस्टरांची सही घ्या. नंतर एका सहीसाठी पुन्हा त्याच तीन बस बदलाव्या लागतात.