आंबट पावसासाठी जमिनीत चुना किती?

मृग जवळ आला की रोहा, महाड, लोटे-परशुराम या औद्योगिक वसाहतींच्या आसपासचे शेतकरी एक प्रश्न हमखास विचारतात. कारखान्यांच्या धुरामुळे पाऊस आम्लीय होत असेल, तर जमिनीत चुना किती टाकायचा? याचा हिशेब घरबसल्या मांडता येतो, आणि पेरणीपूर्वी तो एकदा मांडावाच.

कोळसा किंवा भट्टीचं तेल जळलं की त्यातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड वायू होतो. ढगाच्या थेंबात विरघळल्यावर त्याचं सल्फ्युरिक आम्ल बनतं. नायट्रोजन तर हवेतच असतो. भट्टीच्या आणि इंजिनाच्या उष्णतेत तो प्राणवायूशी जोडला जातो आणि त्याचं पुढे नायट्रिक आम्ल होतं. अगदी स्वच्छ पावसाचा सामूसुद्धा 7 नसतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो 5.6 च्या आसपास राहतो. त्याहून बराच खाली गेला, तर आम्ल बाहेरून आलं असं समजावं. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, हे मात्र लक्षात असू द्या.

आता एक प्रयोग. समुद्रकाठचा एक शिंपला कुटून त्यावर लिंबू पिळा. फेस येईल. शिंपला, चुनखडी आणि जुना चुन्याचा गिलावा हे सगळं मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पावसातल्या आम्लाशी त्याची गाठ पडली की हे घडतं:

CaCO₃ + H₂SO₄ → CaSO₄ + H₂O + CO₂

चुनखडीचा जिप्सम होतो. तो पाण्यात चुनखडीपेक्षा जास्त विरघळतो, म्हणून उघड्या भिंतीवरचा गिलावा पावसागणिक झिजतो. वळचणीखाली पाऊस पोचत नाही, तिथे जिप्समची काळपट खपली साचते आणि पोपडे सुटतात. मात्र या झिजेत आम्ल संपतं, आणि शेतात चुना टाकतो तो याच कामासाठी.

तेच लिंबू जांभ्याच्या चिऱ्यावर पिळा. फेस येणार नाही. जांभ्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं आहेत, चुना जवळपास नाही. म्हणून आपल्या तांबड्या मातीत आलेलं आम्ल चुना खात नाही, ते मातीच्या कणांना धरून असलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश ढकलून देतं आणि पाऊस ते खाली वाहून नेतो. सामू 5.5 च्या खाली घसरत गेला की अ‍ॅल्युमिनियम मोकळा व्हायला लागतो. मुळं आखूड, जाड, टोकाशी तपकिरी होतात आणि स्फुरद दिलं तरी बांधलं जातं. झाड उपटून मुळं पाहिली की हे लगेच दिसतं.

आता हिशेब. एका गुंठ्यावर 3000 मिमी पाऊस म्हणजे साधारण 3 लाख लिटर पाणी. सगळ्या पावसाचा सामू 5 धरला, तर त्यातलं आम्ल मारायला सुमारे 150 ग्रॅम चुनखडीची भुकटी पुरते. सामू 4.5 धरला तरी अर्ध्या किलोच्या आतच. आता खत पाहा. भाजीला गुंठ्याला 2 किलो युरिया दिला, तर तो मातीत जी आम्लता सोडतो ती मारायला सुमारे 1.6 किलो चुनखडी लागते. तेवढंच अमोनियम सल्फेट दिलं तर 2.2 किलो. म्हणजे बहुतेक शेतांत पावसाच्या आम्लापेक्षा आपल्याच पोत्यातलं आम्ल जास्त असतं. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण त्यावर इलाज आपल्या हातात आहे.

धुरांड्याच्या अगदी जवळच्या शेतात मात्र हा हिशेब अपुरा पडतो, कारण तिथे वायू आणि कण पावसाशिवायही पानांवर, मातीवर बसतात. तिथे माती दरवर्षी तपासा.

पावसाचा सामू पाहायचा तर धुतलेलं प्लास्टिकचं भांडं उघड्यावर, झाडापासून दूर ठेवा. पहिल्या सरीचं पाणी वेगळं आणि जुलैतलं वेगळं घ्या. पहिल्या सरीत उन्हाळ्याची धूळ येते, ती आम्ल मारते, म्हणून सामू 6.5 दिसला तरी गंधक नाही असं समजू नका. लिटमसची पट्टी अशा पातळ पाण्यात फसवते. त्यापेक्षा मीटर असलेल्या प्रयोगशाळेत नमुना द्या.

चुना देण्याचा निर्णय मातीच्या अहवालावर घ्या, पावसावर नको. भातखाचरात पाणी साठलं की आम्लीय मातीचा सामू आपोआप 6.5 च्या आसपास चढतो, त्यामुळे तिथे घाई नको. नाचणी-वरी, भाजी आणि कलमांच्या आळ्यांची काळजी आधी घ्या. भुकटी पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळा. जोराच्या सरीत वर पसरलेली वाहून जाते. कळीचा चुना कोवळ्या मुळांना भाजतो, आणि कोणताही चुना युरियासोबत टाकला तर अमोनिया उडून जातो, म्हणून दोन्हींत निदान पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.