उत्तराचा ताळा घेताना या चुका टाळा

झटपट मिळालेले उत्तर मूळ प्रश्नात घालून पाहावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. तरीही ताळा जुळला आणि उत्तर मात्र चुकीचे निघाले असे घडते, कारण उत्तर ज्या ठिकाणी घालून पाहिले ते ठिकाण मूळ प्रश्न नसतेच. ते आपल्याच हिशोबातले एखादे मधले पाऊल असते.

एक नेहमीचा हिशोब पाहू. १८ टक्के जीएसटी धरून एका वस्तूची किंमत ११८० रुपये आहे, तर कर वगळता तिची किंमत किती? घाईत ११८० चे १८ टक्के, म्हणजे २१२.४० रुपये काढले जातात आणि ते वजा करून ९६७.६० रुपये हे उत्तर सांगितले जाते. मग ताळा म्हणून ९६७.६० मध्ये २१२.४० मिळवले जातात, बेरीज बरोबर ११८० येते आणि समाधान होते. हा ताळा खोटा आहे. जी रक्कम वजा केली तीच परत मिळवली, तर बेरीज जुळणारच; त्यातून फक्त वजाबाकी बरोबर होती एवढेच कळते. प्रश्नाने सांगितलेली अट वेगळी आहे: कर नसलेल्या किमतीवर १८ टक्के आकारले की ११८० झाले पाहिजेत. म्हणून हातातली २१२.४० ही संख्या बाजूला ठेवून ९६७.६० वर नव्याने कर काढावा. तो १७४.१७ येतो आणि एकूण ११४१.७७ होतात, म्हणजे ३८ रुपयांहून अधिक कमी. कर मूळ किमतीवर लागतो आणि ११८० ही त्या किमतीच्या ११८ टक्के आहे, हे या तफावतीतूनच लक्षात येते. ११८० ला ११८ ने भागून १०० ने गुणले की १००० मिळतात. त्यावर १८० रुपये कर धरला की ताळा खऱ्या अर्थाने जुळतो.

थोडीशी तफावत मात्र दरवेळी चूक दाखवत नाही. करासह किंमत १००० असेल आणि मूळ किंमत जवळच्या पूर्ण रुपयात ८४७ धरली, तर ताळ्यात ९९९.४६ येतात. हे ५४ पैसे पूर्णांक धरल्यामुळे कमी पडले, ८४७.४६ घेतले की एकूण १००० होतात. ३८ रुपये अशा कारणाने कमी पडू शकत नाहीत.

बीजगणितात हीच चूक अधिक लपून राहते. √(x + ७) = x − ५ हे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग करून मांडणी केली की x² − ११x + १८ = ० मिळते आणि त्यातून x = ९ किंवा x = २. अनेक विद्यार्थी या किमती त्या वर्गसमीकरणातच घालून पाहतात. x = २ घेतल्यास ४ − २२ + १८ = ० येते, म्हणून दोन्ही उत्तरे बरोबर ठरवली जातात. त्याच किमती वर्गमुळाच्या समीकरणात घालाव्यात. x = ९ असताना डावी बाजू √१६ म्हणजे ४ आणि उजवी बाजूही ४ येते. x = २ असताना डावी बाजू √९ म्हणजे ३, तर उजवी बाजू −३ येते. हे उत्तर सोडून द्यावे लागते.

येथे आकडेमोड कुठेही चुकलेली नाही. वर्ग केल्यावर ३ आणि −३ यांतला भेद पुसला जातो, म्हणून −√(x + ७) = x − ५ या दुसऱ्याच समीकरणाचे उत्तर आपल्या यादीत शिरते. अशा वेळी ‘९ चे वर्गमूळ −३ सुद्धा असते’ असे म्हणून ताळा ओढूनताणून जुळवण्याचा मोह होतो, तो टाळावा. ९ ला ३ आणि −३ अशी दोन वर्गमुळे आहेत हे खरे, परंतु √ हे चिन्ह त्यांपैकी ऋण नसलेलेच वर्गमूळ दाखवते.

ताळ्याकडून त्याच्या आवाक्याबाहेरची अपेक्षाही ठेवू नये. x² = ५x या समीकरणाच्या दोन्ही बाजूंना x ने भागले की x = ५ मिळते आणि मूळ समीकरणात ते चोख जुळते, कारण दोन्ही बाजू २५ येतात. पण x = ० हे दुसरे उत्तर भागाकाराच्या वेळीच गळून पडलेले असते आणि हातात असलेल्या उत्तराचा ताळा हातात नसलेल्याची खबर देऊ शकत नाही. त्यासाठी भागाकार न करता सर्व पदे एका बाजूला घेऊन x(x − ५) = ० असे अवयव पाडावेत.