तीन वर्तुळांची वेन आकृती: या चुका टाळा

एका डब्यात १ ते १०० आकड्यांच्या शंभर चिठ्ठ्या आहेत. न बघता एक चिठ्ठी उचलायची. तिच्यावरच्या आकड्याला २, ३ किंवा ५ यांपैकी निदान एका संख्येने पूर्ण भाग जाण्याची संभाव्यता किती?

उत्तर ०.७४ आहे. पण अकरावी-बारावीच्या वह्या तपासताना याच गणिताची आणखी चार उत्तरं मला पुन्हा पुन्हा दिसतात: १.०३, ०.७१, ०.६५ आणि ०.७३२. यांतलं एकही उत्तर बेरीज-वजाबाकी चुकल्यामुळे आलेलं नसतं. प्रत्येकामागे एक ठरावीक गैरसमज असतो आणि उत्तर पाहून तो ओळखता येतो. म्हणून या चार उत्तरांच्याच वाटेने जाऊ.

त्याआधी बरोबर उत्तर कसं येतं ते पाहू. २ ने भाग जाणारा आकडा येणं ही घटना A, ३ ने भाग जाणारा येणं ही B आणि ५ ने भाग जाणारा येणं ही C. शंभरांत A च्या ५० चिठ्ठ्या आहेत, B च्या ३३ आणि C च्या २०. २ आणि ३ दोन्हींनी भाग जाणं म्हणजे ६ ने भाग जाणं, अशा चिठ्ठ्या १६. २ आणि ५ म्हणजे १० ने, त्या १०. ३ आणि ५ म्हणजे १५ ने, त्या ६. तिन्हींनी भाग जाणारे आकडे फक्त ३०, ६० आणि ९०, म्हणजे ३ चिठ्ठ्या. आता समावेश-वर्जन नियम लावायचा:

```
n(A∪B∪C) = n(A) + n(B) + n(C)
           − n(A∩B) − n(A∩C) − n(B∩C)
           + n(A∩B∩C)
         = ५० + ३३ + २० − १६ − १० − ६ + ३ = ७४
```

१.०३ आलं असेल तर

तीन घटनांच्या संभाव्यता नुसत्या मिळवल्या आहेत: ०.५० + ०.३३ + ०.२०. संभाव्यता १ च्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे ही चूक लगेच पकडली जाते. पण हे आकड्यांचं नशीब आहे. तीन घटना लहान असत्या तर बेरीज ०.६ वगैरे आली असती आणि चूक लपून राहिली असती. नुसती बेरीज चालण्यासाठी कोणत्याही दोन घटना एकत्र घडणं अशक्य असावं लागतं. इथे ६ हा आकडा A मध्येही आहे आणि B मध्येही, म्हणजे तो दोनदा मोजला गेला.

०.७१ आलं असेल तर

इथे दुहेरी मोजणी वजा केली आहे, पण शेवटचे ३ मिळवायचे राहिले. 'वजा केलं ना, मग परत मिळवायचं कशाला?' हा प्रश्न मुलं विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. उत्तरासाठी ६० क्रमांकाची चिठ्ठी हातात घ्या. ती A मध्ये मोजली, B मध्ये मोजली, C मध्येही मोजली: तीन वेळा. मग A∩B वजा करताना ती एकदा गेली, A∩C वजा करताना दुसऱ्यांदा, B∩C वजा करताना तिसऱ्यांदा. तीनदा आत घेतली, तीनदा बाहेर काढली, म्हणजे ती हिशेबात उरलीच नाही. प्रत्यक्षात ती एकदा मोजली जायला हवी, म्हणून ती परत मिळवायची. ३० आणि ९० यांचंही तेच. ७४ आणि ७१ यांतला फरक म्हणजे नेमक्या या तीन चिठ्ठ्या.

सूत्रातल्या चिन्हांबद्दल शंका आली की पाठांतर आठवत बसू नका. मधल्या भागातली एक वस्तू घ्या आणि ती किती वेळा आत आली, किती वेळा बाहेर गेली ते मोजा. मग दोनच वर्तुळांच्या सामाईक भागातली एक वस्तू घेऊन तेच करा. दोन्ही वेळा हिशेब १ आला की सूत्र बरोबर आहे.

०.६५ आलं असेल तर

ही चूक चित्रात होते, आणि सगळ्यांत जास्त वेळ मी हिच्यावरच घालवतो. तीन वर्तुळांचं चित्र वहीत काढलेलं असो किंवा इंटरनेटवरून घेतलेलं, त्यात वर्तुळांच्या आत सात कप्पे असतात आणि बाहेरचा धरून आठ. मधोमध तिन्हींचा एक कप्पा, त्याच्याभोवती पाकळ्यांसारखे तीन, आणि कडेला तीन. अडचण अशी की आपल्याकडे माहिती असते ती अख्ख्या वर्तुळांची आणि अख्ख्या छेदांची, एकेका कप्प्याची नव्हे. A∩B मध्ये १६ चिठ्ठ्या आहेत, पण A∩B हा चित्रातला एक कप्पा नाही. तो दोन कप्प्यांचा मिळून होतो: A-B ची पाकळी आणि मधला भाग. विद्यार्थी मात्र पाकळीतच १६ लिहितो. मग दुसऱ्या पाकळीत १०, तिसरीत ६, मध्ये ३. आता 'फक्त A' साठी ५० मधून १६, १० आणि ३ वजा करतो, २१ येतात. 'फक्त B' ८ आणि 'फक्त C' १. सगळ्या कप्प्यांची बेरीज ६५.

चित्र नीटनेटकं दिसतं, एकही कप्पा ऋण नाही, आणि तरी उत्तर चुकीचं. मधले ३ मध्ये तर लिहिलेच, शिवाय प्रत्येक पाकळीतही लपून बसले.

यावर उपाय म्हणजे चित्र आतून बाहेर भरणं. आधी मधला कप्पा: ३. मग पाकळ्या, छेदातून मधले वजा करून: १६ − ३ = १३, १० − ३ = ७, ६ − ३ = ३. मग कडेचे कप्पे: फक्त A साठी ५० − १३ − ७ − ३ = २७, फक्त B साठी ३३ − १३ − ३ − ३ = १४, फक्त C साठी २० − ७ − ३ − ३ = ७. बेरीज ७४. शेवटी बाहेरच्या चौकटीत १०० − ७४ = २६ लिहायचे. इंटरनेटवरच्या बऱ्याच चित्रांत ही चौकट नसते. ती स्वतः काढा, कारण 'यांपैकी एकही नाही' या प्रश्नाचं उत्तर तिथेच असतं.

पडताळा सोपा आहे. चित्रात भरलेले A वर्तुळातले चारही कप्पे मिळवा: २७ + १३ + ७ + ३ = ५०. चुकीच्या चित्रातही ही बेरीज ५० येते, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. दोन वर्तुळांचा सामाईक भागही मिळवून पाहा: १३ + ३ = १६. चुकीच्या चित्रात इथे १६ + ३ = १९ येतात आणि चूक उघडी पडते.

हाच गोंधळ शाब्दिक उदाहरणांत भाषेमुळे होतो. '१६ जणांना चहा आणि कॉफी दोन्ही आवडतात' यात सरबतही आवडणारे धरलेले असतात. '१६ जणांना फक्त चहा आणि कॉफी आवडतात' यात ते नसतात. पहिल्या वाक्यातला आकडा हा छेद आहे, दुसऱ्यातला थेट पाकळीत लिहायचा. दिलेले आकडे 'फक्त'चे असतील तर वरचं सूत्रही जसंच्या तसं चालत नाही: पाकळ्यांची बेरीज वजा करायची आणि मधला आकडा मिळवण्याऐवजी दोनदा वजा करायचा. आपल्या उदाहरणात पाकळ्यांची बेरीज २३ आहे, म्हणून १०३ − २३ − ६ = ७४. उत्तर तेच आलं. उदाहरण वाचताना 'फक्त' या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय मी मुलांना लावतो.

जाता जाता चित्राबद्दल आणखी एक गोष्ट. कप्प्याचा आकार पाहून काहीही ठरवू नका. तयार चित्रात तिन्ही वर्तुळं सारखी आणि मधला भाग बऱ्यापैकी मोठा असतो, पण आपल्या गणितात तिथे शंभरातल्या ३ चिठ्ठ्या आहेत. कप्पा रिकामाही असू शकतो. C ऐवजी '४ ने भाग जाणं' ही घटना घेतली, तर तिचं वर्तुळ A च्या पोटातच असायला हवं. तरीही नेहमीचं चित्र वापरता येतं, फक्त A च्या बाहेर असलेल्या तिच्या दोन्ही कप्प्यांत ० लिहावा लागतो.

०.७३२ आलं असेल तर

हे उत्तर हुशार मुलांचं असतं. त्यांना सूत्र पक्कं माहीत असतं, चिन्हंही बरोबर असतात. फक्त छेद मोजण्याऐवजी ते गुणाकार करतात: P(A∩B) साठी ०.५० × ०.३३ = ०.१६५, इतर छेदांसाठी ०.१ आणि ०.०६६, आणि तिन्हींसाठी ०.०३३. मग १.०३ − ०.३३१ + ०.०३३ = ०.७३२. शंभर चिठ्ठ्यांत ७३.२ चिठ्ठ्या कशा असतील? एवढा प्रश्न स्वतःला विचारला तरी चूक लक्षात येते.

गुणाकार तेव्हाच चालतो, जेव्हा घटना स्वतंत्र असतात. डब्यात ९० चिठ्ठ्या असत्या तर या तीन घटना खरोखर स्वतंत्र झाल्या असत्या, कारण ९० ला ३० ने पूर्ण भाग जातो: ६ ने भाग जाणारे १५ आकडे, म्हणजे नव्वदांचा सहावा भाग, आणि १/२ × १/३ सुद्धा तेवढंच. शंभराला मात्र शेवटचे दहा आकडे हे गणित बिघडवतात. फरक थोडा आहे, पण उत्तर चुकतंच.

याहून फसवी परिस्थिती दोन नाण्यांत दिसते. पहिल्या नाण्यावर छापा ही A, दुसऱ्यावर छापा ही B आणि दोन्ही नाणी सारखी पडणं ही C. प्रत्येकीची संभाव्यता १/२. कोणत्याही दोन एकत्र घडण्याची १/४, म्हणजे जोडी-जोडीने पाहिलं तर गुणाकार बरोबर ठरतो. त्या भरवशावर तिन्हींसाठी १/८ घेतलं की उत्तर येतं ३/२ − ३/४ + १/८ = ७/८. पण चारही शक्यता लिहून पाहा. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा यांत A किंवा B घडतेच, आणि काटा-काटा मध्ये C घडते. म्हणजे तिघींपैकी एक तरी घडणं निश्चित आहे, संभाव्यता १. चूक मधल्या कप्प्यात झाली: तिन्ही एकत्र घडतात ते दोन्ही छापे पडल्यावर, म्हणजे तिथे १/८ नव्हे, १/४ हवं. ३/२ − ३/४ + १/४ = १. तिन्हींचा छेद उदाहरणात दिलेला नसेल, तर तो जोड्यांवरून काढता येत नाही. तो वेगळा मोजावा लागतो.

'निदान दोन' विचारलं तर

चिठ्ठीवरच्या आकड्याला तिघांपैकी निदान दोन संख्यांनी भाग जाण्याची संभाव्यता किती? इथे १६ + १० + ६ = ३२ लिहून मोकळं होणं ही नेहमीची चूक. मधल्या ३ चिठ्ठ्या या बेरजेत तीनदा आल्या आहेत, हव्या आहेत एकदा. म्हणून दुप्पट वजा करायचे: ३२ − ६ = २६. 'नेमक्या दोन' विचारलं असेल तर त्या अजिबात नकोत, म्हणून तिप्पट वजा करायचे: ३२ − ९ = २३. भरलेल्या चित्रात हे थेट दिसतं: तीन पाकळ्या १३ + ७ + ३ = २३, मधले धरले की २६. वर्तुळांबाहेरही २६ च होते, पण तो निव्वळ योगायोग. ३० पर्यंतच्या चिठ्ठ्या घेऊन हेच करून पाहा: निदान दोनच्या ८, एकही नाही अशाही ८. ३५ पर्यंत घेतल्या तर मात्र ८ आणि ९ येतात.